ग्रोथ थांबली: विभाग बदलावा, कोर्स करावा की क्षेत्रच सोडावं?

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांत हा माणूस हमखास भेटतो. डिप्लोमा मेकॅनिकल, वय पस्तिशीच्या आसपास, मेंटेनन्समध्ये ११ वर्षं, त्यातली शेवटची सहा शिफ्ट इंजिनिअर म्हणून. रात्री दोनला मशीन बंद पडलं की फोन त्यालाच येतो, आणि अप्रेझलच्या वेळी "तुझ्याशिवाय प्लांट चालत नाही" हेही त्यालाच ऐकवलं जातं. पद मात्र हलत नाही. तीन पर्यायांची तुलना याच माणसाला समोर ठेवून करू. पगाराचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे घालून बघा.

त्याच्या हाती महिना ३८,००० पडतात आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. तीन वर्षांनी ते ४२,७४५ होतील. महागाई ५ टक्के धरली, तर आजच्या ३८,००० चं काम तेव्हा भागायला ४३,९९० लागतील. म्हणजे दरवर्षी इन्क्रिमेंटचं पत्र घेऊनही तो मागेच सरकतोय. पण एवढ्यावरून राजीनामा टाइप करायला बसू नये, कारण अडलंय नेमकं काय हे अजून कळलेलं नाही. खुर्ची अडलेली असते, काम अडलेलं असतं, नाहीतर फक्त कंपनी कंजूस असते. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

खुर्चीचं कळायला एचआरला एकच प्रश्न पुरतो: गेल्या पाच वर्षांत या विभागातून वर कोण गेलं, आणि त्याच्याकडे डिग्री होती का? वरचा असिस्टंट मॅनेजर त्रेचाळीसचा, घर वर्धा रोडला, मुलं इथल्याच शाळेत असतील, तर ती जागा लवकर रिकामी होणार नाही. कामाचं कळायला ब्रेकडाउनचं रजिस्टर काढावं. यंदाची पानं आणि तीन वर्षांपूर्वीची पानं अदलाबदल केली तरी कुणाला फरक कळणार नसेल, तर शिकणं थांबलंय. कंपनीचं कळायला हिंगण्यात किंवा मिहानमध्ये दोन मुलाखती देऊन याव्यात. तिथे याच कामाचे पन्नास हजार मिळत असतील, तर याला साचलेपण म्हणू नका. कमी पगाराच्या जागी बसलात, एवढंच.

शेवटची गोष्ट खरी निघाली तर बाहेरची समांतर नोकरी हा सरळ उपाय आहे. पद तेच, गेट दुसरं. नागपुरात जाण्यायेण्याचाही हिशोब धरावा लागतो. त्रिमूर्ती नगरात राहणाऱ्याला हिंगणा जवळ पडतं. बुटीबोरीच्या कंपनी बसचा रोजचा प्रवास वाचला तर दिवसाचे दोन तास परत मिळू शकतात, आणि पुढे कोर्स करायचा तर तेच तास लागतील.

आतल्या आत विभाग बदलणं जरा वेगळं. मेंटेनन्समधून प्लॅनिंग, युटिलिटी, क्वालिटी किंवा प्रोजेक्टला जाता येतं. पगार बहुधा तोच राहतो, नाइट शिफ्ट गेली तर तिचा भत्ता गेल्याने थोडा कमीही होतो. ज्याचं काम अडलंय त्याला याने मोकळं वाटतं. ज्याची खुर्ची अडलीय त्याने मात्र नव्या विभागाचाही तोच पाच वर्षांचा प्रश्न विचारावा. डिग्रीची भिंत तिथेही असेल, तर पहिली दोन वर्षं नवलाईत जातात आणि तिसऱ्या वर्षी माणूस पुन्हा तिथेच. शिवाय "इथलं बघून तिकडचंही बघ" असं तोंडी सांगून दोन्ही कामं गळ्यात मारण्याची पद्धत आहे. बदलीचं पत्र आणि जुन्या कामावर कोण येणार त्याचं नाव, दोन्ही हाती आल्याशिवाय हो म्हणू नये.

आता कोर्स. इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी कशाला मागणी आहे ते शोधतात. माझ्या मते आधी आपली ११ वर्षं कुठे मोजली जातात ते शोधावं. डेटा ॲनालिटिक्सच्या वर्गात ती जवळजवळ शून्य मोजली जातात. औद्योगिक सुरक्षेत ती थेट पात्रता बनतात. फॅक्टरीज ॲक्टच्या कलम ४०-ब नुसार १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा ५०० वर आणला, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तिथे २५० वर. म्हणजे ही खुर्ची मॅनेजरच्या मर्जीवर नाही, कायद्यावर उभी आहे. आणि तिच्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्रीच लागते असं नाही. डिप्लोमाधारकालाही पर्यवेक्षणाच्या अनुभवावर तिथे जाता येतं. सोबत राज्य सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा हवा, आणि बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. डिग्रीची भिंत ज्याला आडवी आली, त्याच्यासाठी हे मागचं दार नव्हे, सरळ दार आहे.

हा डिप्लोमा एक वर्षाचा असतो आणि एमएसबीटीई या राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थेतून केलेला चालतो. फसवणूक इथेच होते. 'सेफ्टी डिप्लोमा' नावाने तीन महिन्यांची, ऑनलाइन, चकचकीत प्रमाणपत्रं बरीच विकली जातात. कंत्राटदाराकडे साइटवर ती खपतात, पण कारखान्यातल्या वैधानिक पदासाठी उपयोगी पडत नाहीत. प्रवेशाआधी संस्थेचं नाव मंडळाच्या यादीत स्वतः बघावं. फी कंपनी भरणार असेल, तर बॉन्ड किती वर्षांचा आणि मधेच सोडल्यास पूर्ण रक्कम द्यायची की उरलेल्या महिन्यांपुरती, हे लेखी घ्यावं. मर्यादाही सांगतो: सुरक्षेत अपघात झाला की पहिली फाइल तुमची उघडते, आणि प्रॉडक्शनवाल्यांशी रोजची तोंडाला तोंड. वाद टाळणाऱ्या माणसाला हे काम सोसत नाही.

क्षेत्रच बदलणं सगळ्यात महाग, म्हणून त्याचा हिशोब कागदावर मांडावा. आयटीत फ्रेशर म्हणून २०,००० वर सुरुवात केली, तर महिन्याला १८,००० ची खोट. ती भरून यायला दोन वर्षं लागली असं धरलं तरी ४ लाख ३२ हजार, वर कोर्सची फी. जमेला ग्रॅच्युइटी येईल: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २०,००० असेल, तर १५ भागिले २६ गुणिले २०,००० गुणिले ११, म्हणजे साधारण १ लाख २७ हजार. नव्या ठिकाणी तिचं घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू होतं. पीएफ काढू नये, ट्रान्सफर करावा. तेव्हा बचतीतून निदान तीन लाख आणि फी बाजूला असल्याशिवाय, गृहकर्जाचा हप्ता डोक्यावर असताना ही उडी मारू नये.

मधली एक वाट लोक विसरतात: अर्धं क्षेत्र बदलणं. काँप्रेसर, बेअरिंग, पंप विकणाऱ्या कंपन्यांना सर्व्हिस आणि टेक्निकल सेल्ससाठी प्लांटची भाषा बोलणारा माणूस लागतो. ११ वर्षं इथेही पूर्ण मोजली जातात. फक्त पगाराचा किती भाग टार्गेटवर आहे आणि चंद्रपूर-अमरावतीच्या फेऱ्या महिन्यात किती, हे आधी विचारा.

आपल्या माणसाची खुर्ची अडलीय आणि कामही अडलंय. बाहेर पगार फारसा जास्त नाही. त्याला मी सुरक्षेचा डिप्लोमा सांगेन, पण त्याआधी रात्रपाळीतून निघून प्लॅनिंगला जायला सांगेन. फिरत्या शिफ्टमध्ये हा कोर्स पुरा होत नाही, हजेरीतच माणूस गळतो.