टार्गेटच्या वरच्या सेलला जास्त रेट आणि माल परत आला की रिकव्हरी: कोणत्या रेटने कापायचं?

सेल्सवाल्याच्या इन्सेंटिव्हला टार्गेटपर्यंत एक रेट आणि त्याच्या वर जास्त रेट, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. खरं भांडण पुढे होतं, कस्टमरने माल परत केला की त्या मालावर दिलेला इन्सेंटिव्ह कोणत्या रेटने परत घ्यायचा यावरून. यासाठी साधारण ३ पद्धती वापरतात, तिन्ही एकाच उदाहरणावर लावून बघू.

समजा महिन्याचं टार्गेट १० लाख, तिथपर्यंत २ टक्के आणि वरच्या रकमेवर ५ टक्के. पहिल्या महिन्यात सेल १३ लाख झाला म्हणजे २०,००० अधिक १५,००० असे ३५,००० मिळाले. दुसऱ्या महिन्यात नवीन सेल ८ लाखच झाला आणि वर पहिल्या महिन्यातला २ लाखांचा माल परत आला.

पहिली पद्धत, चालू महिन्यातून वजा करायचं. ८ मधून २ गेले, ६ लाखांवर २ टक्क्यांनी १२,०००. अकाउंट्सला सगळ्यात सोपी हीच, म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पण नीट बघा, ज्या २ लाखांवर ५ टक्क्यांनी १०,००० दिले होते त्यांचे परत आले फक्त ४,०००, म्हणजे ६,००० कंपनीचे गेले. आणि उलटं झालं तर सेल्सवाल्यावर अन्याय होतो, म्हणजे आधीचा महिना ८ लाखांचा होता, माल २ टक्क्यांनी विकलेला, आणि तो परत आला १३ लाखांच्या महिन्यात, तर ४,००० कमावलेल्या मालापायी त्याचे १०,००० कापले जातात. शिवाय यात एक पळवाट आहे जी टीमला लवकर कळते: महिनाअखेरीला ओळखीच्या डीलरकडे माल ढकलायचा, वरच्या स्लॅबचा रेट घ्यायचा आणि पुढच्या मंद महिन्यात माल परत येऊ द्यायचा. हे चालू आहे का ते बघायचं असेल तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बिल झालेला किती माल पुढच्या महिन्यात परत आला ते प्रत्येकाचं वेगळं काढा, एखाद्याचाच आकडा सारखा वर दिसला की समजून जा.

दुसरी पद्धत, जुना महिना उघडून पुन्हा हिशोब. पहिला महिना ११ लाखांचा झाला, देणं बसतं २५,०००, म्हणजे रिकव्हरी १०,०००. दुसऱ्या महिन्याचे १६,००० होते, हातात आले ६,०००. हिशोब एकदम चोख, ज्या रेटने दिलं त्याच रेटने घेतलं. पण माणसाला फटका बसतो तो नेमका पडत्या महिन्यात, आणि तोवर पहिले पैसे खर्च झालेले असतात. आणखी एक अट आहे, प्रत्येक क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर पाहिजेच. तो नसेल तर माल कोणत्या महिन्याचा हेच कळत नाही आणि मग पहिल्या पद्धतीशिवाय पर्याय उरत नाही.

तिसरी पद्धत मला सगळ्यात पटते. सगळ्या सेलवर २ टक्के लगेच द्यायचे आणि टार्गेटच्या वरचे जादा ३ टक्के रिटर्नची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायचे. मग पहिल्या महिन्यात २६,००० लगेच आणि ९,००० राखीव. माल परत आल्यावर खरं देणं २५,०००, म्हणजे राखीव ९,००० द्यायचेच नाहीत आणि पगारातून कापायचे फक्त १,०००. शेवटचा आकडा दुसऱ्या पद्धतीचाच, पण दिलेले पैसे मागायची वेळ जवळजवळ येत नाही. तोटा एवढाच की रिटर्नची मुदत ६ महिन्यांची असेल तर जास्तीचा सेल करायचा जोर तेवढा राहत नाही, म्हणून मुदत महिना-दीड महिन्याची असेल तिथेच ही खरी चालते. मुदत लांब असेल तर दुसरी घ्या, पण रिकव्हरी २-३ हप्त्यांत करा. पहिली फक्त जिथे रिटर्न अगदी किरकोळ असतात तिथे.

हे सगळं गणित वरचा रेट फक्त टार्गेटच्या वरच्या रकमेला लागतो असं धरून आहे. काही जण टार्गेट पार झालं की सगळ्याच सेलला ५ टक्के देतात, तिथे रिकव्हरी लावायच्या आधी हे बघा: सेल १०.१ लाख, इन्सेंटिव्ह ५०,५००. २०,००० चा माल परत आला, सेल ९.९ लाख, इन्सेंटिव्ह १९,८००. म्हणजे २०,००० च्या मालासाठी ३०,७०० ची रिकव्हरी! हे कोणत्याही माणसाला समजावून सांगता येणार नाही, त्यामुळे असा स्लॅब असेल तर आधी तो बदला.

पद्धत कोणतीही घ्या, माल खराब निघाला किंवा चुकीचा डिस्पॅच झाला म्हणून परत आला असेल तर रिकव्हरी नको, ती चूक विकणाऱ्याची नाही. त्यासाठी क्रेडिट नोटवर परतीचं कारण लिहिलेलं हवं आणि ते सेल्सवाल्याने नाही, गोडाऊनवाल्याने माल बघून भरायला हवं. आणि मुदत संपेपर्यंत दिलेला इन्सेंटिव्ह ॲडव्हान्स धरला जाईल हे प्लॅनमध्ये आधीच लिहून त्यावर सही घ्या, नाहीतर माणूस नोकरी सोडून गेल्यावर कापायला जाल तेव्हा कशाच्या आधारावर कापलं हे दाखवता येत नाही, आणि पगारातून किती कापता येतं याला कायद्याचीही मर्यादा असू शकते, ती आधीच विचारून घ्या.