बिल्डरकडे द्यायचं की आपणच बांधायचं? विशेष सभेत वाचायचं भाषण

सभासद बंधू-भगिनींनो,

चहा झाला असेल तर बसून घ्या. मी बँकेत कर्ज विभागात तीस वर्षं काढली, त्यामुळे भाषणापेक्षा हिशेबच जास्त होईल. आज मतदान नाही, फक्त समजून घ्यायचं आहे. जुनी इमारत पाडून नवी बांधायला आपल्यासमोर दोन वाटा आहेत. इमारत बिल्डरला द्यायची, किंवा सोसायटीनं स्वतः कर्ज काढून, ठेकेदार नेमून बांधायची. दोन्हीकडे जाण्याआधी ज्या सरकारी नियमातून जावं लागतं, तो आधी सांगते, कारण आपल्या जिन्यात त्याबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली सरकारनं पुनर्विकासासाठी निर्देश दिलेले आहेत. पहिले ३ जानेवारी २००९ चे. ते बदलून ४ जुलै २०१९ ला नवे आले. 'नवे' म्हणताना मलाच हसू येतं, पण तळमजल्यावरचे काका अजून २००९ च्याच आकड्यांनी भांडतात, म्हणून हा शब्द वापरते.

जुन्या नियमात सभेला तीन चतुर्थांश सभासद हजर लागत आणि हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांची संमती लागे. नव्यात गणपूर्ती दोन तृतीयांश झाली आणि निर्णयाला एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. ऐकताना वाटतं, आता सगळं सोपं झालं. आपल्या ३६ घरांचा हिशेब करून बघू.

जुन्या पद्धतीत किमान २७ जण यायला हवे होते आणि त्यातल्या २१ जणांचा होकार पुरत होता. नव्या पद्धतीत २४ जण आले तरी सभा चालते, पण होकार एकूण ३६ च्या ५१ टक्के, म्हणजे १९ जणांचा लागतो. चोवीसच आले असतील तर त्यातले एकोणीस, म्हणजे पाचातले जवळपास चार! जुन्या नियमातही प्रमाण साधारण तेवढंच होतं. सवलत दिसते ती सगळे ३६ आले तेव्हा. जुन्यात मग २७ होकार लागले असते, नव्यात एकोणीसच पुरतात. थोडक्यात, जो घरी बसला त्याचं मत 'नाही' असंच धरलं जातं. अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेले दोघे, भाड्यानं दिलेल्या फ्लॅटचे तीन मालक आणि वारसांची नावं अजून न लागलेली दोन घरं यांना कोणी बाजू विचारली नसेल, तरी नियमाच्या हिशेबात ते आपल्या विरोधात आहेत. म्हणून पुढच्या दोन महिन्यांत समितीचं खरं काम वारस नोंदींचं आणि फोनाफोनीचं आहे. आराखडे बघायला वेळ आहे.

सभेचं चित्रीकरण होतं. बिल्डर निवडायची सभा उपनिबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर घ्यावी लागते. हे कटकटीचं वाटेल, पण नंतर कोणी 'मला विचारलंच नाही' म्हणून कोर्टात गेलं, तर तेच चित्रीकरण आपलं साक्षीदार असतं.

दोन्ही वाटांना आणखी एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे आपल्या समोरचा रस्ता. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, जागेवर किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गावठाणाबाहेर नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१० च मिळतो; प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन तो वाढत नाही. नऊ मीटरला मात्र १.१० मूळ, ०.५० प्रीमियमचा आणि ०.४० टीडीआरचा, असे मिळून २.०० होतात. आपला भूखंड १,८०० चौरस मीटरचा. एका बाजूला १,९८० चौरस मीटर, दुसऱ्या बाजूला ३,६०० चौरस मीटर! आपल्या गल्लीची रुंदी मंजूर नकाशात काय लिहिली आहे आणि प्रत्यक्षात टेप लावून किती भरते, यावर सगळा व्यवहार उभा आहे. कोणी बिल्डर हे न मोजताच 'चाळीस टक्के जादा' सांगत असेल, तर त्याच्या चहाचे पैसे आपण द्यावेत आणि नमस्कार करावा.

आता तुलना. पैशापासूनच सुरू करते.

प्रीमियम महापालिकेला भरावं लागतं, टीडीआर बाजारातून विकत घ्यावा लागतो, वास्तुविशारद, मंजुऱ्या, पाया हे सगळं एकही नवं घर विकलं जायच्या आधी येतं. शिवाय आपल्या सगळ्यांचं भाडं. समजा प्रत्येक घराला महिन्याला पंचवीस हजार धरले. छत्तीस घरांचे महिन्याला नऊ लाख, तीन वर्षांचे तीन कोटी चोवीस लाख. बिल्डरच्या वाटेत हे त्याच्या खिशातून जातात, निदान जायला हवेत. स्वतः बांधायचं ठरवलं, तर हेच तीन कोटी चोवीस लाख कर्जातून जातात आणि त्यावर व्याज चढतं. काम एक वर्ष लांबलं तर नुसत्या भाड्याचा बोजा एक कोटी आठ लाखांनी वाढतो. बिल्डरकडे तो बोजा त्याचा, आपल्याकडे आपलाच.

मग कोणी स्वतः बांधायला का जावं? कारण बिल्डर घेतो तो नफा आपल्यातच राहतो. जादा क्षेत्र आकाशातून पडत नाही. आपली सध्याची घरं साधारण पन्नास चौरस मीटरची. बिल्डरनं प्रत्येकाला पाच टक्के वाढवून दिले, तर छत्तीस घरांमागे नव्वद चौरस मीटर त्याच्या विक्रीतून कमी होतात आणि तो ते दुसरीकडून भरून काढतो. पार्किंग कमी करतो, लिफ्ट साधी घालतो, नाहीतर भाड्यात काटतो. स्वतः बांधताना ही तडजोड आपणच करतो आणि आपल्याला दिसतेही. हा फायदा मी लहान मानत नाही.

पण त्याबरोबर पदवी येते: प्रवर्तक. स्वयंपुनर्विकासात विक्रीच्या घरांसाठी महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणी सोसायटीच्या नावानं होते. घर घेणाऱ्यांच्या पैशापैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांशिवाय तिथून पैसा निघत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारीही प्रवर्तकाची. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या रहिवाशाच्या बाथरूमला गळती लागली, की फोन अध्यक्षांना. आपले अध्यक्ष ७४ वर्षांचे आहेत, हे मी प्रेमानं सांगते.

बिल्डरच्या वाटेत धोका निराळा आहे. तो पैशात नसून कागदात आहे. आपण घर रिकामं करतो त्या दिवशी आपल्या हातात फक्त करार असतो. महारेराची बरीचशी यंत्रणा नवीन घर विकत घेणाऱ्यासाठी आहे; जुन्या सभासदाला त्याचं संरक्षण मुख्यत्वे विकसन करारातूनच मिळवावं लागतं. निर्देशांमध्ये बिल्डरनं प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक हमी द्यावी असं म्हटलं आहे. वाटाघाटीत सगळ्यात आधी हीच अट गळते. 'हमीऐवजी दोन फ्लॅट तारण ठेवतो,' असं म्हणतात. अजून न बांधलेला फ्लॅट तारण! बँकेत असं तारण घेऊन कोणी आला असता, तर मी त्याला दारापर्यंत सोडलं असतं.

माझ्या मेहुण्यांच्या सोसायटीत असंच झालं. हमी सोडली, जादा दीडशे चौरस फूट घेतले. अठरा महिने भाडं आलं, मग दोन महिने उशिरा आलं, मग आलंच नाही. पाडलेल्या जागेवर पत्र्याचं कुंपण आणि बाभळी. बिल्डर लबाड होता असंही नाही. त्याच्या दुसऱ्या प्रकल्पात विक्री थांबली आणि इथला पैसा तिकडे गेला. भाडं उशिरा यायला लागलं, हीच पहिली खूण होती. दुसरी खूण, साइटवर कामगार वीसचे सहा झाले. तेव्हा सभा बोलवायला हवी होती. हमी असती तर ती वठवता आली असती.

म्हणून करारात मी तीन गोष्टींवर अडून बसणार आहे. वीस टक्के बँक हमी. रिकामं करण्याआधी सगळ्या भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश, आणि त्यातले एका वर्षाचे पैसे वेगळ्या खात्यात. आणि प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र, नोंदणीकृत करार, ज्यात नव्या घराचं चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असेल. 'सुपर बिल्ट-अप' हा शब्द दिसला तर सही नाही. मुद्रांक शुल्काची भीती नको. विकसन करारावर शुल्क भरलेलं असेल, तर आपल्या मूळ हक्काच्या घराच्या वैयक्तिक करारावर ते पुन्हा पूर्ण भरावं लागत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय आहे. विकत घेतलेल्या जादा क्षेत्राचं शुल्क मात्र द्यावं लागतं.

दोन्ही वाटांवर एक माणूस लागतो: प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. त्याला सगळे पीएमसी म्हणतात आणि पुण्यात त्यामुळे गोंधळ होतो. मागच्या सभेत काकूंना वाटलं महापालिकाच आपलं घर बांधून देणार. बिल्डरच्या वाटेत हा सल्लागार आपला पहारेकरी असतो. स्वतः बांधताना तो निम्मा बिल्डरच असतो, त्यामुळे त्याची फी जास्त आणि त्याला रोज साइटवर असावं लागतं. फी वाचवायला बिल्डरनंच सुचवलेला सल्लागार घेऊ नका. ती बचत नव्हे.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. आपल्यासारख्या ३६ घरांच्या, निम्म्याहून जास्त सभासद साठीपुढचे असलेल्या सोसायटीनं बिल्डर निवडावा, पण निविदा मागवून. गणपतीत मोदकांचे खोके घेऊन येतो त्याला नव्हे. स्वतः बांधण्याकडे मी तीन गोष्टी एकत्र जमल्या तरच वळेन: रस्ता नऊ मीटर पक्का, बँकेचं कर्ज मंजुरीपत्र नुसत्या आश्वासनाऐवजी हातात, आणि पन्नाशीतले किमान तीन सभासद जे तीन वर्षं आठवड्यातून दोन दिवस याला देतील. तीन नावं आज मिळाली, तर माझं मत मी आनंदानं बदलते. पहिल्या मजल्यावरच्या ताई मान हलवतायत, त्यांचं नाव लिहून घेते.

आता सगळ्यांना एक चिठ्ठी मिळेल. त्यावर नाव नको. एवढंच लिहा, बाहेरून भाडं आलंच नाही, तर तुम्ही स्वतःच्या पैशानं किती महिने दुसरीकडे राहू शकाल. शून्य असेल तर शून्य लिहा. पेटी दारापाशी आहे, बेरीज आत्ताच इथे करू.