पेन खराब नव्हता, तरी नवा गळ्यात मारला

गणपतीच्या तोंडावर मंडळांच्या फ्लेक्सची कामं अंगावर असताना माझ्या ड्रॉइंग टॅबलेटचं प्रेशर गेलं. कर्सर व्यवस्थित फिरत होता, क्लिकही होत होतं, पण फोटोशॉपमध्ये हलक्या हातानं ओढा नाहीतर दाबून, रेघ एकाच जाडीची. कॉम्प्युटरसकट राजारामपुरीतल्या एका दुकानात नेला. त्यानं दोन रेघा ओढल्या आणि सांगून टाकलं, "पेनातला सेन्सर गेलाय, पेनच बदलावा लागणार." संध्याकाळी साडेतीन हजार मोजून घरी आलो. जुना पेन मागितला तर म्हणे, "आता काय करताय त्याचं?" तरी मी मागून घेतलाच.

रात्री सहज तो जुना पेन टॅबलेटवर टेकवला, तर रेघ बारीक-जाड छान उमटायला लागली! मग विंडोजमधली प्रोग्रॅमची यादी उघडली. माझ्या आधीच्या, दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर तिथं कधीपासून पडून होता. तो आता गायब. म्हणजे दुकानदारानं दुखणं ओळखलं, ते बरंही केलं आणि पैसे मात्र पेनाचे घेतले.

दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच कॉम्प्युटरवर असले की हे हमखास होऊ शकतं. दोघंही Wintab32.dll नावाची फाइल सिस्टीममध्ये टाकतात. चुकीची फाइल राहिली की पेन हलतो, पण प्रेशर सॉफ्टवेअरपर्यंत पोचत नाही. अशा वेळी दोन्ही ड्रायव्हर काढायचे, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा आणि हातात आहे त्या टॅबलेटचाच ड्रायव्हर नव्यानं टाकायचा. खर्च शून्य.

पेन खरंच गेलाय का, हे कळायला टॅबलेटच्या ड्रायव्हरची स्वतःची खिडकी उघडा. प्रेशर तपासायची पट्टी बहुतेक त्यातच असते. दाबल्यावर ती वर-खाली झाली तर पेन ठणठणीत आहे, दोष पुढं सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा. त्याच खिडकीत Windows Ink, म्हणजे विंडोजची स्वतःची पेनाची सोय, हिची खूण काढलेली असेल तरीही फोटोशॉपमध्ये प्रेशर बंद पडतं, कारण फोटोशॉप मुळात तिच्यावरच विसंबून असतं. ब्रशच्या Shape Dynamics मध्ये Pen Pressure शेजारी उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला, तर टॅबलेट फोटोशॉपला ओळखूच येत नाहीये.

पट्टीच हलत नसेल तर आधी निब बघा. ती तिरकी झिजली असेल किंवा आत अडकून बसली असेल तर चिमट्यानं ओढून नवी घाला. टॅबलेटबरोबर जादा निबा बहुधा येतात. टेकवायच्या आधीच रेघ उमटत असेल तर निब आत दाबलेली राहिलीय असं समजा. निब बदलूनही पट्टी ढिम्म राहिली, तर मग पेनाबद्दल शंका घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेन घेऊन दुकानात गेलो आणि त्याच्यासमोर रेघा ओढून दाखवल्या. "तुमचं काम झालं न्हवं?" एवढंच उत्तर. पैसे परत मागायचे तर बिलावर पेनाचा उल्लेखच नाही, नुसतं 'टॅबलेट रिपेअर' लिहिलंय. कुठलाही पार्ट बदलला तर त्याचं नाव आणि किंमत बिलावर लिहून घ्या, जुना पार्टही मागून घ्या.