साडेदहाचा वर्ग तोंडी: फरशीच्या मापांवर वापरून पाहिलेली पाचाची युक्ती

पाचाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग तोंडी काढायची युक्ती बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. ३५ चा वर्ग हवा, तर शेवटचा ५ बाजूला ठेवायचा, उरलेल्या ३ ला पुढच्या ४ ने गुणायचं, आलेल्या १२ पुढे २५ लिहायचे. १२२५. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये हे शिकवतात आणि परीक्षा झाली की लोक विसरतात, कारण एरवी ३५ चा वर्ग मागतो कोण? माझ्या कामात मागतात. मी फरशी-टाइल्सच्या दुकानात अंदाजपत्रकं करते. खोल्यांची मापं आमच्याकडे अजूनही फूट-इंचांत येतात, आणि १० फूट ६ इंच म्हणजे साडेदहा. साडेदहाचा वर्ग म्हणजे १०५ चाच वर्ग, फक्त टिंब वेगळ्या जागी. उन्हाळ्यापासून मी ही युक्ती आणि तिची भावंडं रोज गिऱ्हाइकासमोर वापरते आहे. कुठे चालतात, कुठे दगा देतात, ते सांगते.

आधी मूळ युक्ती. दहाच्या भाषेत ती (१०अ + ५)² = १००अ(अ + १) + २५ अशी लिहितात. मला मात्र ती अर्ध्याच्या भाषेत जास्त पटली: (अ + १/२)² = अ² + अ + १/४ = अ(अ + १) + १/४. मधलं पद २ × अ × १/२ आहे, त्यात दोन आणि अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात आणि नुसता अ उरतो. अ² मध्ये तो अ मिसळला की अ(अ + १) तयार. सगळी गंमत या एका ओळीत आहे. साडेदहाला दहा गुणिले अकरा एकशे दहा, वर पाव. सव्वाएकशे दहा चौरस फूट.

खोलीच्या नकाशावर हे डोळ्यांनी दिसतं. साडेदहा बाय साडेदहाची खोली घ्या. त्यात दहा बाय दहाचा चौकोन, दोन बाजूंना अर्ध्या फुटाच्या दोन पट्ट्या, आणि कोपऱ्यात अर्धा बाय अर्ध्याचा तुकडा. एक पट्टी उचलून दुसरीला चिकटवली की एक फूट रुंदीची, दहा फूट लांबीची पट्टी होते आणि चौकोन दहा बाय अकराचा होतो. कोपऱ्यातला पाव चौरस फूट तसाच राहतो.

आपल्या जुन्या पाठांतरात हेच होतं, फक्त कोणी कारण सांगत नसे. निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करणाऱ्या पिढीला दीड दीड सव्वादोन, अडीच अडीच सव्वासहा, औट औट सव्वाबारा हे तोंडपाठ असे (औट म्हणजे साडेतीन). प्रत्येक वेळी सव्वाच का येतो, ते वरच्या ओळीत आहे: अ(अ + १) ही पूर्ण संख्या, म्हणून उरतो तो फक्त पाव.

आता जिथे मला खरा फायदा झाला ते. वर्ग मागणाऱ्या, म्हणजे अगदी चौरस खोल्या कमीच असतात. ९ फूट ५ इंच बाय ९ फूट ७ इंच असलं काहीतरी येतं. क्लासवाले याची दशमानातली जोड शिकवतात: ४३ × ४७ मध्ये दशक सारखे आणि एककांची बेरीज दहा, म्हणून ४ × ५ = २० आणि ३ × ७ = २१, उत्तर २०२१. पण त्यात दहा हा आकडा महत्त्वाचा नाही. (अ + प)(अ + फ) = अ² + अ(प + फ) + पफ. प आणि फ मिळून एक पूर्ण होत असेल, तर हे अ(अ + १) + पफ झालं. दशमानात पूर्ण व्हायला दहा लागतात, फुटात बारा. म्हणून फूट सारखे आणि इंचांची बेरीज बारा असली की युक्ती जशीच्या तशी लागू. ९ फूट ५ इंच बाय ९ फूट ७ इंच म्हणजे ९ × १० = ९०, वर ३५/१४४. हे शेपूट कधीच पाव चौरस फुटाहून मोठं होत नाही (दोन्हीकडे सहा-सहा इंच असताना ते सर्वात मोठं), त्यामुळे फरशीच्या हिशेबात ते मी सोडूनच देते. नव्वद.

बेरीज बारा नसेल तर? बारा होईल अशी जवळची जोडी धरायची आणि इंच भरून काढायचा. १० फूट ६ बाय १० फूट ७ आलं, तर आधी ६-६ धरून ११०.२५, मग एक इंच वाढला त्याचे समोरच्या बाजूचा बारावा भाग, म्हणजे साडेदहा भागिले बारा, पाऊण फुटाहून थोडं जास्त. १११ च्या किंचित वर. दोन-तीन इंचांचा फरक असेपर्यंत हे तोंडी होतं, पुढे मी नाद सोडते.

सगळ्यात जास्त घोटाळा दोन वेगळ्या साड्यांच्या गुणाकारात होतो. साडेदहा बाय साडेबारा. आमच्याकडे येणारे एक मिस्त्री ठामपणे म्हणाले, “ताई, दहा बारा एकशेवीस, अर्ध्याचं अर्ध पाव. सव्वाएकशे वीस. झालं की!” झालं नाही. खरं उत्तर १३१.२५ आहे, अकरा चौरस फूट गायब झाले. त्यांनी चौकोन घेतला, कोपरा घेतला आणि दोन्ही पट्ट्या विसरले. (अ + १/२)(ब + १/२) = अब + (अ + ब)/२ + १/४. मधलं पद म्हणजे दोन्ही संख्यांची सरासरी, इथे ११. कागदावर पट्ट्या काढून दाखवल्यावर मिस्त्रीकाकांना लगेच पटलं, सूत्र न बघता.

याच सूत्रातून एक तपासणी फुकट मिळते, आणि माझ्या मते गेल्या काही महिन्यांतली सर्वात उपयोगी गोष्ट तीच. दोन साड्यांचा गुणाकार केला की उत्तर सव्वाने किंवा पाऊणनेच संपलं पाहिजे. अ आणि ब यांची बेरीज सम असेल तर सरासरी पूर्ण येते आणि सव्वा उरतो. विषम असेल तर सरासरीत अर्धा येतो, त्यात पाव मिळून पाऊण. साडेदहा बाय साडेतेरा: १३० + ११.५ + ०.२५ = १४१.७५. कोणी १४१.५ लिहून आणलं तर गुणाकार न करताच सांगता येतं की चूक आहे. पण वरची सव्वाएकशे वीसची चूक ही चाळणी पकडत नाही, कारण तिचंही शेपूट बरोबरच होतं. तिथे आकाराचा अंदाजच लागतो: साडेदहा बाय साडेबारा हे साधारण साडेअकराच्या वर्गाएवढं, म्हणजे १३२ च्या आसपास, असायला हवं. नेमकं बघायचं तर (११.५ − १)(११.५ + १) = १३२.२५ − १ = १३१.२५.

हे शेवटचं म्हणजे वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र, आणि ते उलटं फिरवलं की पाचाची युक्ती कुठून येते ते कळतं: न² = (न − ड)(न + ड) + ड². भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत वर्ग काढण्याच्या रीतींमध्ये ही रीत दिली आहे: मनाला येईल ती संख्या घ्या, दिलेल्या संख्येतून वजा करा आणि तीत मिळवा, दोहोंचा गुणाकार करा, त्यात घेतलेल्या संख्येचा वर्ग मिळवा. ३५ साठी ५ घ्या: ३० × ४० + २५. पाच हा दोन दशकांच्या बरोबर मध्ये बसतो, म्हणून दोन्हीकडे शून्याने संपणाऱ्या संख्या मिळतात. पाचाचं मोठेपण एवढंच. ४७ साठी ३ घ्या: ४४ × ५० + ९ = २२०९. इथे एकच बाजू गोल होते, तरी पुरतं.

या युक्त्यांना सर्रास ‘वैदिक गणित’ म्हणतात. ते नाव भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर, छापल्या गेलेल्या पुस्तकावरून आलं. पाचाच्या युक्तीचं ‘एकाधिकेन पूर्वेण’, म्हणजे आधीच्यापेक्षा एकाने जास्त, हे त्यातलंच सूत्र. पुस्तक ती अथर्ववेदातली म्हणून सांगतं, पण उपलब्ध अथर्ववेदात किंवा त्याच्या परिशिष्टांत ही सूत्रं सापडत नाहीत. माझ्या कामाला त्याने फरक पडत नाही, पण सूत्र पाठ करण्यापेक्षा वरची एक ओळ मांडणं सोपं आहे, हे मात्र नक्की.

मोठ्या संख्यांना पाचाची युक्ती हळूहळू जड होते. ११५ चा वर्ग सोपा: ११ × १२ = १३२, म्हणून १३२२५. पण ३८५ ला ३८ × ३९ करावं लागतं. (३९ × ४० मधून दोनदा ३९ वजा करा: १५६० − ७८ = १४८२, म्हणून १४८२२५.) तोपर्यंत समोरचा माणूस मोबाइल काढून मोकळा झालेला असतो.

शंभराजवळच्या गुणाकाराची युक्तीही वापरून पाहिली. ९६ रुपये दर आणि ९३ चौरस फूट: शंभरापेक्षा ४ आणि ७ कमी, १०० − ११ = ८९, ४ × ७ = २८, उत्तर ८९२८. कारण (१०० − क्ष)(१०० − य) = १००(१०० − क्ष − य) + क्षय. दर आणि क्षेत्रफळ दोन्ही शंभराजवळ असण्याचा योग क्वचित येतो. शिवाय ८८ × ८६ ला ७४ च्या पुढे १६८ येतात. त्यातला १ हातचा म्हणून ७४ मध्ये मिळवायचा (७५६८) हे घाईत राहून जातं. ही युक्ती मी सोडली.

कॅल्क्युलेटर मात्र सोडलेला नाही, उलट या सवयीमुळे त्याच्यावर नजर राहते. दुकानात सर्वात महाग पडणारी चूक गुणाकाराची नसतेच. ती १० फूट ११ इंच हे १०.११ म्हणून दाबण्याची असते. त्याचा वर्ग १०२.२ येतो. तोंडी बघा: ११ ला एक इंच कमी, म्हणून १२१ मधून २२/१२, म्हणजे पावणेदोनच्या थोडं वर, वजा. ११९ च्या वर यायला हवं. फरक १७ चौरस फुटांचा, आणि नावाला दोन बाय दोनच्या, पण खरं तर किंचित लहान असणाऱ्या चार टाइल्सच्या बॉक्समध्ये साधारण साडेपंधरा बसतात. म्हणजे घरी एक बॉक्स कमी जातो, आणि तोपर्यंत त्या बॅचची तीच शेड दुकानात शिल्लक असेलच असं नाही.