घरच्या फॉर्मवर २, शाळेच्या फॉर्मवर ८: कोणता खरा मानायचा?

मानेवाड्याहून आलेल्या एका आईने दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, हे एकाच पोराबद्दल लिहिलंय, खरं वाटते का?" मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फॉर्म व्हँडरबिल्टचे होते, म्हणजे एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या आणि अति चंचलपणाच्या विकाराच्या तपासणीत पालक आणि शिक्षक भरतात ते. त्यात लक्ष न लागण्याची ९ लक्षणं असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. २ किंवा ३ गुण मिळाले की ते लक्षण धरायचं, आणि अशी ६ भरली की पुढे तपासायचं. शाळेतल्या बाईंच्या फॉर्ममध्ये ८ भरली होती, आईच्या फॉर्ममध्ये २.

अशा वेळी बहुतेकांना सरासरी काढावीशी वाटते. ८ आणि २ ची सरासरी ५, म्हणजे सहाच्या आत, म्हणजे काही नाही. पण हा ५ ना घरातल्या मुलाचा, ना वर्गातल्या. दुसरा मार्ग म्हणजे कोणत्याही एका फॉर्ममध्ये ६ आली की निदान करून टाकायचं. त्यात एका दमलेल्या माणसाच्या मतावर मुलाला शिक्का बसू शकतो. तिसरा मार्ग बरोबर उलटा: दोन्हीकडे ६ हवीतच. हा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण निदानाचा निकषही एवढा कडक नाही. निकषात एकूण ६ लक्षणं लागतात आणि त्यातली 'काही' दोन ठिकाणी दिसावी लागतात. प्रत्येक ठिकाणी सहा दिसायला हवीत असं त्यात कुठेच नाही.

म्हणून मी आकडे बाजूला ठेवून एकेक ओळ समोरासमोर लावते. या मुलाच्या बाबतीत वस्तू हरवणं, विसरणं, कामाची मांडणी न जमणं आणि हाती घेतलेलं पूर्ण न करणं, या चारही ओळींवर आईने ०, तर बाईंनी ३ दिले होते. मी विचारलं, "दप्तर कोण भरतं?" आजी. गृहपाठाला शेजारी कोण बसतं? आजीच. "आजी गावाला गेल्या होत्या कधी?" दिवाळीनंतर पंधरा दिवस त्या अकोल्याला होत्या. त्या दिवसांत डबा दोनदा शाळेत राहिला, कंपास हरवली आणि गृहपाठ रात्री दहापर्यंत चालला. हे सांगता सांगताच आई थांबली. तिने फॉर्म खोटा भरला नव्हता. आजीच्या आधाराने चाललेलं मूल जसं दिसतं तसंच तिने लिहिलं होतं. तो आकडा मी खोडून बदलला नाही, हे उत्तर मुलाखतीची नोंद म्हणून वेगळं लिहिलं.

पण एवढ्यावर बाईंचं बरोबर ठरत नाही. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, किंवा वाचनच अडत असेल, तरी मूल वर्गात खिडकीबाहेर बघत बसतं. म्हणून वह्या मागवल्या. फक्त इंग्रजीची वही अर्धवट आणि गणित, चित्रकला पूर्ण असती, तर मी आधी वाचनाची चाचणी घेतली असती. इथे गणितातही उदाहरणं बरोबर सुरू होऊन तिसऱ्या पायरीला सुटलेली होती आणि चित्रंही अर्धी रंगवलेली. त्याचं मराठी वाचन वयाप्रमाणे होतं, ऐकू नीट येत होतं, झोपही पुरेशी होती. हे असं पहिलीपासूनच आहे, असं आधीच्या बाईंनीही फोनवर सांगितलं. एडीएचडीचं निदान या सगळ्यावर उभं राहिलं.

बाईंनी फॉर्म कधी भरला हेही बघा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे जुलैच्या मध्यात भरलेला फॉर्म म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांची ओळख. तेव्हा मी गेल्या वर्षीच्या बाईंना भरायला सांगते.

उलट चित्र, म्हणजे घरचा आकडा मोठा आणि शाळेचा लहान, हेही येतं. त्यात शांत मुली मला जास्त काळजीत टाकतात. पन्नास जणांच्या वर्गात त्रास न देणारी मुलगी बाईंच्या नजरेत येतच नाही. तिथे बाईंना "लक्ष देते का?" असं विचारून उपयोग नाही, "फळ्यावरचं उतरवून किती वेळा पूर्ण होतं?" असं विचारावं लागतं. वही भरलेली असेल, आधीच्या बाईंनाही काही दिसलं नसेल आणि भांडण फक्त घरी, फक्त अभ्यासाच्या वेळी होत असेल, तर मी एडीएचडी म्हणत नाही. तेव्हा झोप, मोबाईल आणि घरातला ताण आधी बघते.

औषध सुरू झाल्यावरही हाच घोळ पुन्हा होतो. कमी वेळ टिकणाऱ्या मिथाइलफेनिडेटचा असर साधारण चार तासांत ओसरतो. सकाळच्या शाळेआधी दिलेली गोळी संध्याकाळी आई बघते तोवर संपलेली असते. महिन्याभराने बाईंचा आकडा उतरला आणि आईचा तसाच राहिला, तर औषध बंद करण्याआधी ते किती वाजता दिलं हे विचारा.