'तुम्ही' की 'आपण'?

पुस्तकाच्या एका प्रकरणात वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण', हा प्रश्न होता. मसुद्यातलं वाक्य असं होतं: 'तुम्ही उठता, आपण लगेच फोन घेतो आणि माणसाचा तास वाया जातो.' एकाच वाक्यात तीन माणसं!

'आपण' धरलं तर: 'आपण उठतो, लगेच फोन घेतो, आपला तास वाया जातो.' लेखकही चुकणाऱ्यांत बसतो, बोचत नाही. पण पुढे कृती सांगताना 'फोन दुसऱ्या खोलीत ठेवूया' हे लेचंपेचं वाटतं. शिवाय 'आपण घेता' असं आदरार्थी रूप मध्येच घुसलं, तर सर्वनाम तेच राहून आवाज बदलतो आणि तो बदल नजरेतून सुटतो.

'तुम्ही'मध्ये 'ठेवा' सरळ येतं. 'तुमचा तास वाया जातो' मात्र दटावल्यासारखं. तिथे 'माझाही जायचा' एवढं पुरतं. स्वाध्याय असलेल्या प्रकरणाला मी 'तुम्ही'च ठेवेन. फक्त सर्वनाम बदलून भागत नाही, नाहीतर 'तुम्ही घेतो' उरतं. क्रियापदं एकेक तपासावी लागतात.