नोटीस पिरियडचा शेवटचा दिवस काढायला WORKDAY.INTL बरं की सरळ तारखांचा कॉलम?

ऑफर लेटरवर "३० दिवस" असं नुसतं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते कॅलेंडरचे दिवस धरतात, तिथे हा प्रश्नच येत नाही, तारखेत ३० मिळवा आणि मोकळे व्हा. पण लेटरमध्ये कामाचे दिवस असा शब्द स्पष्ट असेल तर साप्ताहिक सुट्टी आणि सणांच्या सुट्ट्या वगळून मोजावं लागतं. मी दोन्ही पद्धती वापरल्यात, एक म्हणजे एक्सेलचा तयार फॉर्म्युला आणि दुसरी म्हणजे एकाखाली एक तारखा मांडून प्रत्येकीपुढे १ किंवा ० टाकायची. दोन्ही चालतात, फक्त कुठे काय अडतं ते सांगतो.

साधा WORKDAY मी विचारातच घेतला नाही, कारण तो शनिवार-रविवार सुट्टी धरूनच चालतो आणि आमच्याकडे पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवार असतो. फरक किती पडतो बघा. राजीनामा मान्य झाला सोमवारी, ४ ऑगस्ट २०२५ ला. ३० कामाचे दिवस, मोजणी दुसऱ्या दिवसापासून, सुट्ट्या दोनच, १५ ऑगस्ट आणि २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी. WORKDAY उत्तर देतो १७ सप्टेंबर, आणि खरं उत्तर आहे १० सप्टेंबर, म्हणजे अख्खा आठवडा जास्तीचा. म्हणून निदान WORKDAY.INTL तरी हवाच:

```
=WORKDAY.INTL(DATE(2025,8,4),30,"0001000",$H$2:$H$10)
```

त्या सात आकड्यांतला पहिला सोमवारचा, १ म्हणजे सुट्टी, त्यामुळे चौथ्या जागी १ म्हणजे गुरुवार. H मध्ये सुट्ट्यांची यादी. एका ओळीत काम होतं, गूगल शीट्समध्येही चालतं. आणि एक गोष्ट तो फार छान सांभाळतो, ती म्हणजे एकावर एक पडलेल्या सुट्ट्या. २०२५ मध्ये गांधी जयंती आणि दसरा दोन्ही २ ऑक्टोबरला आले आणि तो वार नेमका गुरुवार. हाताने "इतके गुरुवार वजा, इतके सण वजा" असं करणारा माणूस तो एकच दिवस तीनदा वजा करू शकतो, फॉर्म्युला मात्र एकदाच वगळतो, यादीत ती तारीख दोनदा लिहिलेली असली तरी.

उत्तर तपासायला बरेच जण दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारा NETWORKDAYS.INTL लावतात आणि तिथे ३१ आलं की गोंधळतात. कारण साधं आहे, WORKDAY.INTL सुरुवातीची तारीख मोजत नाही आणि NETWORKDAYS.INTL दोन्ही टोकं मोजतो. तपासताना ४ ऐवजी ५ ऑगस्टपासून लावा, बरोबर ३० येतात. आणि तुमच्या एचआरने राजीनाम्याचा दिवसच पहिला दिवस धरला तर शेवटचा दिवस ९ सप्टेंबर होतो, तेव्हा हे मेलवर आधीच लिहून घेतलेलं बरं.

आता माझं मत कुठे फिरलं ते सांगतो. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी कामावर येणं-जाणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको, म्हणून आमच्याकडे ६ सप्टेंबरचा शनिवार, अनंत चतुर्दशी, सुट्टी दिली आणि त्याच्या बदल्यात ४ सप्टेंबरचा गुरुवार भरून घेतला. आमच्याकडे असं वर्षातून बऱ्याचदा होतं, नोटीस निघते आणि सगळे गुरुवारी येतात. आता ६ तारीख सुट्ट्यांच्या यादीत टाकली की फॉर्म्युला लगेच शेवटचा दिवस १२ सप्टेंबर, शुक्रवार दाखवतो. पण गुरुवारी ४ तारखेला मी कामावर होतो, तो दिवस मोजायचा कसा? त्या फॉर्म्युल्याला दिवस वजा करता येतो, परत मिळवता येत नाही, सुट्टीच्या वारी काम झालं हे त्याला सांगायला जागाच नाही. खरा शेवटचा दिवस १० सप्टेंबरच राहतो, आणि नव्या ठिकाणी जर १२ लाच हजर व्हायचं असेल तर हे दोन दिवस काही छोटी गोष्ट नाही.

याला तोड आहे म्हणा. वारांच्या जागी "0000000" टाकायचं, म्हणजे एकही वार सुट्टीचा नाही, आणि मग सगळे गुरुवार एकेक करून H च्या यादीत लिहायचे, फक्त ४ सप्टेंबर सोडून. उत्तर बरोबर येतं. पण इतकं हाताने लिहायचंच असेल तर मग अर्धा कॉलम तुम्ही तयार केलाच की, मग तो पूर्णच का करू नये असं मला वाटलं.

तो असा. A2 मध्ये ५ ऑगस्ट, खाली ड्रॅग करून ९० तारखा. H मध्ये सुट्ट्या, J मध्ये भरून घेतलेले दिवस. मग B2 आणि C2 मध्ये हे दोन टाकून खाली ओढायचे:

```
=IF(COUNTIF($J$2:$J$5,A2)>0,1,IF(OR(WEEKDAY(A2,2)=4,COUNTIF($H$2:$H$10,A2)>0),0,1))
=SUM($B$2:B2)
```

आणि उत्तरासाठी कुठेही बाजूला:

```
=INDEX(A2:A91,MATCH(30,C2:C91,0))
```

शेवटचा ० महत्त्वाचा आहे, तिथे १ टाकलं तर ३० पूर्ण झाल्यानंतरचा सुट्टीचा गुरुवार, ११ सप्टेंबर येतो, कारण बेरीज त्या दिवशीही ३० च असते. माझ्या वरच्या उदाहरणात ३ सप्टेंबरसमोर २४, ४ समोर २५, ५ समोर २६, ६ समोर पुन्हा २६ आणि मग १० समोर ३० असं दिसतं. एचआरमधल्या मॅडमना मी हेच उघडून दाखवलं, त्यांनी बोट ठेवून ४ तारखेची ओळ बघितली, हजेरीशी ताडून घेतली आणि विषय संपला. फॉर्म्युल्याचं नुसतं १२ सप्टेंबर हे उत्तर समोर असताना वाद कुठल्या दिवसावरून आहे तेच कळत नव्हतं.

दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असणाऱ्यांनाही माझ्या मते कॉलमच सोपा पडेल, कारण ८ ते १४ किंवा २२ ते २८ मधला शनिवार अशी अट B मध्ये एकदा घातली की झालं, WORKDAY.INTL मध्ये असे शनिवार यादीत लिहीत बसावं लागतं.

दोन्हींत एक काळजी सारखीच, यादीतल्या तारखा. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर 15/08/2025 हा मजकूर म्हणून डावीकडे चिकटतो, ते तरी दिसतं, पण 05/09/2025 गुपचूप ९ मे होतो आणि तुमची ५ सप्टेंबरची सुट्टी मोजणीत येतच नाही. सेलचा फॉरमॅट ddd dd-mmm-yyyy ठेवा, महिना आणि वार दोन्ही डोळ्यांना दिसले की चूक लपत नाही.

ज्यांचे वार ठरलेले आहेत, अदलाबदल कधीच होत नाही, त्यांनी खुशाल WORKDAY.INTL वापरावं, मीही नुसता अंदाज घ्यायला तोच वापरतो. पण रिलिव्हिंगची तारीख मेलवर लिहून द्यायची असेल तर मी कॉलम काढतो आणि तोच मेलला जोडतो.